अनुभव धागा : केमो चालू असताना घसा दुखला, ताप आला, तेव्हा तुम्ही काय केलंत?

वेळणेश्वरची लेक

आईच्या आजारपणात आमच्या हातून एक रात्र वाया गेली. ती इथे सविस्तर लिहिते. तुमच्याही घरी असं काही घडलं असेल तर लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा, कारण मला तेच वाचायला मिळालं नव्हतं.

आईला स्तनाचा कर्करोग. दर 21 दिवसांनी मुंबईत केमो, दोन दिवस बहिणीकडे मुक्काम आणि मग गावी, गुहागर तालुक्यात. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस गणपतीच्या आदल्या दिवशी आला. घर चाकरमान्यांनी भरलेलं, दोघातिघांना सर्दी. दुपारी आई म्हणाली, घसा टोचतोय, आवंढा गिळवत नाही. मी बॅटरी धरून पाहिलं. लाली नाही, गाठ नाही, पांढरं काही नाही. मला हायसंच वाटलं. मिठाच्या गुळण्या दिल्या, दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली. संध्याकाळी ताप मोजला तर 99.2. म्हटलं, काही नाही.

रात्री साडेदहाला तिला हुडहुडी भरली. थर्मामीटर 101.4. जवळच्या दवाखान्यात नेलं आणि मी तोंड उघडून पहिलं वाक्य बोलले ते असं : "आईचा घसा दुखतोय आणि थोडा ताप आहे." डॉक्टरांनी घसा पाहिला, म्हणाले व्हायरल दिसतंय, गोळ्या घ्या, सकाळी बरं नसेल तर या. केमोचं मी नंतर सांगितलं, निघता निघता, आणि त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. आम्ही घरी आलो. आई रात्रभर ग्लानीत होती, मला वाटलं ताप उतरून झोप लागलीय. पहाटे बाथरूमला जाताना ती खाली बसली. हात गार पडलेले, बोलणं तुटक.

चिपळूण आमच्याकडून 40-45 किलोमीटर. त्या सकाळी उलट दिशेने गाड्यांची रांग, दीड तास गेला. तिथे ब्लडप्रेशर वरचं 80. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी 900. मला वाटलं, 900 म्हणजे बऱ्याच आहेत की! तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं : 900 मधल्या न्यूट्रोफिल 18 टक्के, म्हणजे 162. जंतूंशी पहिल्यांदा भिडणाऱ्या पेशी एवढ्याच. 500 च्या खाली गेल्या की साधा घसासुद्धा साधा धरत नाहीत. सलाइनमधून अँटिबायोटिक, प्रेशर वर ठेवायचं औषध, दोन दिवस आयसीयू, एकूण आठ दिवस. आई वाचली. पण ते साडेदहा ते पहाट माझ्या डोक्यातून जात नाहीत.

निवृत्त सिस्टर

ताई, मी मुंबईत कर्करोगाच्या वॉर्डात 22 वर्षं काढली, आता देवगडला असते. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला पुन्हा सांगावीशी वाटते, कारण ती नेहमी उलटी समजली जाते. "घसा लाल नाही, पू नाही" हे केमोच्या पेशंटमध्ये चांगलं लक्षण नव्हे. घसा लाल होणं, सुजणं, पू धरणं यात मोठा वाटा पांढऱ्या पेशींचाच. पू म्हणजे लढून मेलेल्या पेशींचा चिखल. पेशीच उरल्या नाहीत तर चिखल कुठून होणार? म्हणून आत जंतू पसरत असतात आणि घसा मात्र जेमतेम दुखतो. छातीचा फोटोही सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो. कित्येकदा ताप ही एकच खूण हाती असते आणि आपण गोळी देऊन तीच पुसतो.

गोळी देऊ नका असं नाही. आधी मोजा, आकडा नि वेळ लिहा, आणि आकडा वर असेल तर गोळीच्या आधी फोन करा. काखेत मोजलेला ताप तोंडातल्यापेक्षा कमी दाखवतो, आणि गरम चहा पिऊन लगेच तोंडात मोजला तर जास्त दाखवतो. गुदद्वारातून मोजायचं नाही, तिथून सपोझिटरीही द्यायची नाही, कारण तिथल्या नाजूक कातडीला ओरखडा गेला तर जंतूंना दार उघडतं.

आकड्याबद्दल : 101 एकदा दिसला तरी लगेच, 100.4 तासभर टिकला तर लगेच. काही ठिकाणी 100.4 एकदा दिसला तरी फोन करा म्हणतात. तुमच्या केमोच्या फाइलीवर जो आकडा लिहिलाय तो पाळा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी तळाला जातात, औषधाप्रमाणे थोडं मागेपुढे. ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनने खुणवून ठेवा.

आणि दवाखान्याच्या दारात पहिलं वाक्य असं बोला : "केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप 101 आहे." घशाचं नंतर सांगा. घसा आधी सांगितला की समोरचा माणूस टॉर्च उचलतो.

कर्दे किनारा

माझं थोडं वेगळं मत. पत्नीला प्रत्येक केमोनंतर दुसऱ्या दिवशी पोटात पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात. ते घेतलं की पेशी पडतच नाहीत, त्यामुळे आम्हाला काळजी नसते. तिला एकदा 100.6 आला होता, अंगही दुखत होतं, डॉक्टर म्हणाले इंजेक्शनचा परिणाम आहे. तेव्हा प्रत्येक तापाला धावायची गरज नाही. शिवाय पपईच्या पानांचा रस देतो, त्यानेही पेशी वाढतात.

निवृत्त सिस्टर

इंजेक्शनने हाडं दुखतात, अंग कसकसतं, बारीक ताप येतो, हे खरं. पण तुमच्या डॉक्टरांनी "इंजेक्शनचा परिणाम" म्हटलं ते रक्त तपासून की फोनवर?

कर्दे किनारा

तपासून. दापोलीत रक्त काढलं, रिपोर्ट पाठवला, पेशी 6000 होत्या.

निवृत्त सिस्टर

मग त्यांनी बरोबर केलं आणि तुम्हीही. त्याच दिवशी रक्त तपासलं गेलं, म्हणून तो इंजेक्शनचा ताप आहे हे कळलं. ते इंजेक्शन घेऊनही पेशी पडतात, फक्त खड्डा उथळ होतो आणि लवकर भरतो. पपईच्या पानांचं बोललं जातं ते डेंग्यूत प्लेटलेटसाठी, त्या वेगळ्या पेशी. कच्चा रस केमोत देण्याआधी डॉक्टरांना विचारा. ताजी पानं कुठे धुतली, कशात वाटली, त्या दिवसांत यानेही फरक पडतो.

माडाची सावली

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मला जिभेच्या कर्करोगासाठी शेक चालू आहे, केमो नाही. चौथ्या आठवड्यापासून घसा इतका दुखतो की सोलकढीसुद्धा झोंबते. ताप नाही. मीही धावत सुटायचं का?

निवृत्त सिस्टर

शेकाने घशाची आतली कातडी सोलवटते, तुमचं दुखणं त्यातलं असावं. केमो सोबत नसेल तर पेशी अशा पडत नाहीत. पण पाणीही गिळवेनासं झालं, पांढरे थर दिसले किंवा ताप आला तर शेकाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. आंबट, तिखट बंद. कोमट पाण्यात मीठ नि खायचा सोडा घालून गुळण्या करा.

मालवणचो भाव

माझ्या भावाक गोयात, बांबोळेक केमो चालू होती. आमी पयल्याच दिवशी विचारून ठेवलेला, रात्री ताप इलो तर खंय जावचा. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तीत आजार, औषधा, आणि "ताप असल्यास लगेच शिरेतून अँटिबायोटिक" असा स्पष्ट लिवलेला. नवव्या दिवशी रात्री 2 वाजता 101. वैनी म्हणाली, सकाळी जाऊया, रस्त्यार पाऊस हा. पण चिठ्ठी होती म्हणून आमी जवळच्या हॉस्पिटलात गेलो. थयल्या डॉक्टरान चिठ्ठी वाचली, गोयात फोन केल्यान, दोन्ही हातांतून रक्त घेतल्यान आणि अर्ध्या तासात पयलो डोस चालू. मगे सकाळी गोयात नेलो. थंय सांगल्यानी, पयलो डोस गावात दिलास ता बरा केलास.

वेळणेश्वरची लेक

हाच माझा अडकलेला प्रश्न आहे. आम्ही तेव्हा मुंबईला नेण्याचाही विचार करत होतो. आपल्या डॉक्टरांकडेच न्यावं असं मन म्हणतं. पण सहासात तासांचा रस्ता.

निवृत्त सिस्टर

मी जिथे काम केलं तिथे दारात आल्यापासून तासाभरात पहिली बाटली चालू व्हावी, असा दंडक होता. रिपोर्टसाठीही थांबायचं नाही, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि चालू करायचं. मग सात तास गाडीत कसे घालवणार? शिरेतून औषध मिळेल ते सर्वांत जवळचं ठिकाण, आणि तिथून आपल्या डॉक्टरांना फोन. पुढे हलवायचं की नाही ते दोघे डॉक्टर ठरवतील. काहींना तपासून, पाहून, गोळ्यांवर घरीही सोडतात. पण ती निवड तपासल्यानंतरची.

दाभोळ खाडी

जवळच्या ठिकाणी रक्ताचे नमुने घ्यायची सोयच नसेल तर? आमच्या इथे कल्चरची बाटली मिळत नाही. औषध आधी दिलं तर नंतर जंतू सापडत नाही, असं मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. रात्री फेरीबोट बंद, पलीकडे जायचं तर मोठा वळसा.

निवृत्त सिस्टर

डोस आधी गेला तर जंतू हाती लागायची शक्यता कमी होते, हे बरोबर आहे. वळसा किती तासांचा, पेशंटचं प्रेशर कसं, यावर उत्तर बदलतं. माणूस गळून गेलेला असेल तर मी बाटलीसाठी थांबले नसते. तब्येत स्थिर आणि अंतर अर्ध्या तासाचं असेल तर डॉक्टर वेगळं सांगतीलही. त्यांना आधीच विचारून ठेवा.

राजापूर_गंगा

आत्ता वाचतोय, म्हणून आत्ताच विचारतो. बाबांना लिम्फोमा, केमोचा आज नववा दिवस. कालपासून घसा दुखतो, आज जेवले नाहीत. ताप 99.4 च आहे, म्हणजे तुमच्या आकड्याच्या खाली. उद्या सोमवारी दाखवलं तर चालेल ना? मणक्याजवळच्या सुजेसाठी डेक्सा रोज चालू आहे.

निवृत्त सिस्टर

डेक्सा हे स्टेरॉईड आहे, ते ताप दाबतं. त्यांच्या 99.4 वर मी विसंबणार नाही. थंडी वाजते का? लघवी कमी झालीय का? नेहमीसारखे बोलतात का?

राजापूर_गंगा

दुपारपासून लघवीला एकदाच गेले. दोन चादरी घेऊन बसलेत, पंखा बंद करायला सांगतात. बोलतात, पण हळू.

निवृत्त सिस्टर

सोमवार नको, आत्ता निघा. केमोची फाइल, औषधांची यादी घ्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. दारात पहिलं वाक्य : "केमोचा नववा दिवस, स्टेरॉईड चालू, थंडी वाजतेय." डेक्सा अचानक बंद करू नका.

वेळणेश्वरची लेक

पोहोचलात की लिहा. मी जागी आहे.

राजापूर_गंगा

11.40. पोहोचलो. आधी "ताप तर नाहीये" म्हणाले, मग मी ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि डेक्साची पट्टी दाखवली. प्रेशर वरचं 92. रक्त काढलंय, सलाइन आणि अँटिबायोटिक चालू झालं. पेशींचा रिपोर्ट अजून यायचाय. मुंबईच्या डॉक्टरांशी यांचं बोलणं चाललंय.