मदत हवी आहे : भिजलेल्या सुडोकूच्या फोटोत आठव्या ओळीत एकही अंक बसत नाही

कौलारू :

नमस्कार. माझे वडील दापोलीजवळच्या आमच्या गावी असतात आणि दुपारच्या एसटीने येणाऱ्या वर्तमानपत्रातले सुडोकू सोडवणे हा त्यांचा जेवणानंतरचा नेम आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी एक कोडे निम्म्याहून अधिक सोडवले, खालचा उजवा भाग तेवढा राहिला, आणि पडवीत ठेवलेला तो कागद रात्री पावसाच्या झडीने भिजला. उत्तर छापलेला दुसऱ्या दिवशीचा अंक रस्ता बंद असल्यामुळे गावात पोहोचलाच नाही. शेजारच्या मुलाने ओल्या कागदाचा फोटो काढून मला पाठवला, पण त्यात छापलेले अंक कोणते आणि बाबांनी पेनाने लिहिलेले कोणते, हे ओळखू येत नाही. मला जे वाचता आले ते असे :

```
५ १ ८ | ३ ९ २ | ७ ४ ६
३ ९ ४ | ६ ७ ५ | १ ८ २
७ ६ २ | १ ८ ४ | ९ ३ ५
------+-------+------
९ २ ६ | ५ . . | . ७ .
४ ३ १ | . २ . | ६ . .
८ ५ ७ | ४ . ३ | २ . .
------+-------+------
६ ८ ९ | २ . ७ | . . ४
२ ७ ५ | . ४ . | . ६ १
१ ४ ३ | . . ६ | ८ . .
```

मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आठव्या ओळीतल्या सहाव्या घरापाशी अडकलो. तिथे १ किंवा ५ एवढेच उरतात, आणि ते दोन्ही त्या ओळीत आधीच आहेत. केवळ उत्तर मिळून माझे भागणार नाही, कारण बाबा कारणाशिवाय अंक मान्य करत नाहीत. म्हणून कोणता अंक कोणत्या क्रमाने आणि कशामुळे निश्चित होतो, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

नारळीपोफळी :

माझ्या मुलीला शाळेत असाच चौरस दिला होता आणि त्यात आडव्या, उभ्या व तिरक्या अशा सर्व ओळींची बेरीज १५ यायला हवी होती. तुम्ही प्रत्येक ओळीची बेरीज करून पाहिली आहे का? बेरीज जुळत नसेल तर कोडेच चुकीचे छापलेले असणार. आमच्याकडे ते प्रकरण दोन दिवस चालले होते आणि शेवटी मधल्या घरात ५ लिहिल्यावरच सुटले.

हर्णैचा_दीप :

तो जादूचा चौरस झाला, हे कोडे वेगळे आहे. इथे प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या स्तंभात आणि नऊ घरांच्या चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यायला हवेत, आणि तिरक्या ओळींना कोणताही नियम नाही.

कौलारू, चूक तुमच्या वाचनात आहे. आठव्या ओळीच्या शेवटचा अंक १ नसून ९ आहे. देवनागरी ९ ची डावीकडची लहानशी आकडी ओलाव्याने विरली की उरलेला आकार १ सारखाच दिसतो. तो ९ धरला की चौथ्या स्तंभात, आठव्या ओळीत ८ किंवा ९ यांपैकी ९ बाद होऊन ८ लगेच मिळतो, आणि तिथून पुढे सगळे सुटत जाते.

पाटीपेन्सिल :

हर्णैचा_दीप यांचा अंदाज मला बरोबर वाटतो, परंतु त्यांची मांडणी मला मान्य नाही. ज्या अंकाबद्दल शंका आहे तोच ९ धरून चालायचे, त्याच्या आधाराने ८ बसवायचा, आणि पुढे सगळे जुळले म्हणून ९ खरा ठरला असे म्हणायचे, यात आपण फक्त एक शक्यता चालते एवढेच पाहिले. दुसरी चालत नाही हे दाखवायचे राहून गेले. फोटोवरून कोडे सोडवताना माझी पद्धत अशी आहे की, जे घर संशयास्पद आहे ते कोरे समजायचे. बाकीच्या अंकांनी त्या घरात एकच अंक भाग पाडला, तर शाईचा डाग कसा दिसतो याला महत्त्व उरत नाही. आणि तसे झाले नाही, तर मात्र फोटो पुन्हा मागवण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून आठव्या ओळीचे नववे घर कोरे धरू या. तुमची चौकट खालच्या मधल्या भागात अडली होती, तिथूनच सुरुवात करतो.

चौथ्या स्तंभात ३, ६, १, ५, ४, २ आहेत. म्हणजे ७, ८, ९ बाकी आहेत आणि पाचवी, आठवी व नववी ओळ अशी तीन घरे कोरी आहेत. नवव्या ओळीच्या घरात ८ चालणार नाही, कारण त्या ओळीत सातव्या घरात ८ आहे. ७ ही चालणार नाही, कारण खालच्या मधल्या चौकटीत ७ आहे. म्हणून तिथे ९ च येतो, आणि हा पहिला निश्चित अंक. आता स्तंभात ७ आणि ८ उरले. आठव्या ओळीचे घरही त्याच चौकटीत असल्यामुळे तिथे ७ जात नाही, म्हणून ८. हाच तो ८ आहे, पण तो मिळवताना आठव्या ओळीच्या शेवटच्या अंकाकडे आपण पाहिलेसुद्धा नाही. उरलेला ७ पाचव्या ओळीत चौथ्या घरात जातो.

खालच्या मधल्या चौकटीत आता १, ३, ५ बाकी आहेत. ३ कुठे जाईल ते पाहा : सहाव्या स्तंभात ३ आहे, नवव्या ओळीतही ३ आहे, त्यामुळे त्याला सातव्या ओळीचे पाचवे घर एवढीच जागा राहते. मग उरतात १ आणि ५, आणि उरतात तुमचे ते नडलेले घर (आठवी ओळ, सहावा स्तंभ) आणि त्याच्या खालच्या ओळीतले पाचवे घर. नवव्या ओळीची सुरुवातच १ ने होते, म्हणून १ वर आणि ५ खाली. आठव्या ओळीत ५ आधीच आहे, त्यानेही हेच सिद्ध होते.

इथे शंकेचा निकाल लागतो. आठव्या ओळीत आता २, ७, ५, ८, ४, १ आणि ६ आहेत, ३ आणि ९ बाकी आहेत, आणि सातवे व नववे ही दोन घरे रिकामी आहेत. सातव्या स्तंभात तिसऱ्या ओळीत ९ आहे, म्हणून सातव्या घरात ३ आणि नवव्या घरात ९. डाग पाहिल्याशिवाय ९ मिळाला.

कौलारू :

आपले मनःपूर्वक आभार. १ वाचल्यामुळे मी अडकलो हे आता स्पष्ट दिसते. मात्र याच्या पुढे सातव्या ओळीत मी १ आणि ५ यांपैकी कोणता कुठे, हे बराच वेळ ठरवू शकलो नाही, कारण आठव्या स्तंभात १ ही नाही आणि ५ ही नाही.

पाटीपेन्सिल :

एका घरासमोर दोन्ही अंक चालत असतील, तर त्या ओळीतल्या दुसऱ्या घराकडे पाहावे. सातव्या स्तंभात दुसऱ्या ओळीत १ आहे, म्हणून सातव्या ओळीचे सातवे घर ५ आणि आठवे घर १. त्याच रीतीने नवव्या ओळीत २ आणि ७ बाकी आहेत. नवव्या स्तंभात वरती २ आहे, म्हणून आठव्या घरात २ आणि नवव्या घरात ७.

सातव्या स्तंभात आता एकच घर कोरे राहिले, चौथ्या ओळीतले, तिथे ४. आठव्या स्तंभात ५ आणि ९ बाकी आहेत, आणि सहाव्या ओळीत ५ असल्यामुळे ५ पाचव्या ओळीत व ९ सहाव्या ओळीत जातो. सहाव्या ओळीत १ आणि ६ उरतात. नवव्या स्तंभात पहिल्याच ओळीत ६ आहे, म्हणून नवव्या घरात १ आणि पाचव्या घरात ६. पाचव्या ओळीत ८ आणि ९ उरतात. नवव्या स्तंभात आता सिद्ध झालेला ९ आहे, म्हणून नवव्या घरात ८ आणि सहाव्या घरात ९. राहिली चौथी ओळ, आणि तिथली तीन घरे आपापल्या स्तंभात एकेकटी उरली आहेत : पाचव्यात १, सहाव्यात ८, नवव्यात ३.

नारळीपोफळी यांची बेरजेची सूचना इथे अगदीच वाया जात नाही. प्रत्येक ओळीची बेरीज ४५ यायलाच हवी, म्हणून एकच घर उरले असेल तर ४५ मधून बाकीचे वजा करून अंक ताडून पाहता येतो. पण बेरीज ४५ आली म्हणजे ओळ बरोबर, असे मात्र नाही; १ आणि ९ यांच्या जागी दोनदा ५ लिहिले तरी बेरीज तीच राहते.

हर्णैचा_दीप :

माझ्या मांडणीतला दोष मान्य आहे. मात्र एक खात्री मी देऊ शकतो की हे उत्तर एकमेव आहे, कारण दिलेले अंक १७ पेक्षा खूप अधिक आहेत, आणि १७ अंक दिलेले असले की सुडोकूचे उत्तर एकच निघते.

पाटीपेन्सिल :

तो नियम उलट बाजूने खरा आहे. २०१२ साली डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या चमूने संगणकावर तपासून जाहीर केले की, १६ अंक दिलेल्या कोणत्याही कोड्याला एकच उत्तर असू शकत नाही. याचा अर्थ १७ किंवा अधिक दिले की एकच उत्तर असते, असा होत नाही; कितीतरी अधिक अंक देऊनही दोन उत्तरे निघणारी कोडी रचता येतात. इथे उत्तर एकमेव आहे ते यासाठी की, प्रत्येक पायरीवर दुसरी शक्यता आपण बाद केली.

पण हे एकमेवत्व फोटोतल्या अंकांपुरते आहे. त्यांतले बरेच अंक वडिलांनी पेनाने लिहिलेले आहेत, आणि ओलाव्याने एखादा छापील अंक पुसला गेला असेल, तर वडिलांचा एखादा अंक चुकलेला असूनही पुढे सगळे जुळून आले असणे अशक्य नाही. तसे असेल तर आपण पूर्ण केलेली चौकट नियमाला धरून असेल, मात्र वर्तमानपत्राच्या उत्तराशी जुळणार नाही. म्हणून विचारतो, कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवून पाहता येईल का? बॉलपेन दाबून लिहिल्यास मागे उंचवटा लागतो, छापील अंकाला तो नसतो.

कौलारू :

बाबांना सर्व पायऱ्या फोनवर वाचून दाखवल्या. चौथ्या स्तंभातला पहिला ९ त्यांनी लगेच मान्य केला आणि सातव्या ओळीतल्या ३ वर थोडा वाद घातला. सहाव्या स्तंभातला ३ दाखवल्यावर तोही मान्य झाला. आठव्या ओळीतला तो ९ आपण स्वतः रात्री लिहिला होता, असे ते म्हणतात. आईच्या मते तो छापीलच होता. मागच्या बाजूने बोट फिरवण्याची सूचना मी कळवली, पण तोवर आईने तो कागद वाळवून त्यात सुके बांगडे बांधून शेजारी पाठवले होते.