पाण्याची कळशी राष्ट्रीय उत्पन्नात, भाकरी मात्र बाहेर?

मृण्मयी

स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे न दिलेले भाडे राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते, पण त्याच घरातला स्वयंपाक आणि आजाऱ्याची सेवा धरली जात नाही. हा हिशोबनिसांचा नाइलाज मानायचा, की बायकांच्या कामाबद्दलचा पूर्वग्रह?

वसंतराव

यात पूर्वग्रह शोधू नये. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे बाजारात झालेल्या व्यवहारांची बेरीज. ज्या कामाला किंमत मोजली जात नाही, त्याची बेरीज करणार तरी कशी? शिवाय व्याजदर, कर, महागाई आणि बेरोजगारी यांविषयीचे निर्णय या आकड्यावरून घेतले जातात. त्यात घरकामाची काल्पनिक किंमत मिसळली, तर व्याख्येनुसार देशातला जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस रोजगारात आहे असे ठरेल आणि बेरोजगारीचा आकडा निरुपयोगी होईल.

शुभदा

वसंतराव, तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीतही जवळपास तोच दिलेला आहे. पहिला मुद्दा मात्र टिकत नाही, कारण बाजारात न आलेल्या कितीतरी गोष्टी आज या बेरजेत आहेत. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेली ज्वारी आहे, घरमालकाने स्वतःला न दिलेले भाडे आहे, गावात जळणासाठी गोळा केलेला लाकूडफाटा आहे; इतकेच काय, आपल्याकडे शेणाचेही मूल्य पशुधनाच्या उत्पन्नात धरतात. किंमत नसली की अंदाज बांधायचा, हे हिशोबनिसांचे नेहमीचे काम आहे.

खरी रेघ आखली आहे ती घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तू आणि घरच्या वापरासाठी दिलेल्या सेवा यांच्यामध्ये. वस्तू आत, सेवा बाहेर. अपवाद फक्त दोन, मालकीच्या घराचा आणि पगारी नोकराच्या कामाचा. आता दुष्काळी भागातल्या एका बाईची सकाळ घ्या. ती विहिरीवरून दोन हंडे आणते, हे या पद्धतीनुसार उत्पादन आहे. पाणी वाहून आणणे हे तत्त्वतः खनिज तेल काढून नळाने पुरवण्यासारखेच काम आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. ती सरपण आणते, तेही उत्पादन. मग त्याच पाण्यात पीठ मळून आणि तेच सरपण पेटवून ती भाकऱ्या थापते, तेव्हा ती उत्पादनाच्या बाहेर जाते. मुलाला भरवते, सासऱ्यांना आंघोळ घालते, तेही बाहेर.

याहून मोठी विसंगती आपल्या रोजगार सर्वेक्षणात आहे. घरकामाबरोबर सरपण, चारा, रानभाजी गोळा करणाऱ्या बाईला तिथे 93 हा संकेतांक मिळतो आणि तिची गणना श्रमशक्तीबाहेर होते. तिने आणलेले लाकूड देशाच्या उत्पन्नात मोजायचे आणि ते आणणारी कामकरी नाही म्हणायचे, याला मी तरी तांत्रिक नाइलाज म्हणणार नाही. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी 1988 मध्ये या रेघेवर सविस्तर टीका केली. 1993 आणि 2008 च्या सुधारणांनंतरही घरच्या सेवा रेघेबाहेरच राहिल्या आहेत.

रेखा

मला अर्थशास्त्रातले फारसे कळत नाही, पण हे वाचून आमच्या घरातली गोष्ट लिहावीशी वाटली. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मी शिकवण्याची नोकरी सोडली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीतून पातळ पेज द्यायची, आणि ती देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. पुढे माझीच पाठ धरली, तेव्हा ब्युरोतून दिवसपाळीला मावशी ठेवल्या. सकाळी आठ ते रात्री आठ त्या, रात्री आठ ते सकाळी आठ मी. पलंग तोच, नळी तीच, कामही तेच. म्हणजे मावशींचे बारा तास देशाच्या उत्पन्नात आले आणि माझे बारा तास आले नाहीत, असेच ना? आणि मी नोकरी सोडली तेव्हा माझा पगारही त्यातून वजा झाला असेल.

शुभदा

होय रेखाताई, अगदी तसेच. तुमच्या जागी दुसरी व्यक्ती पैसे देऊन नेमता येते, हीच त्या कामाच्या उत्पादक असण्याची कसोटी आहे, असे अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 मध्येच मांडले होते. स्वतःसाठी जेवणे दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, कूस बदलणे येते. यातून एक धोकाही दिसतो: बायका पगारी नोकरीत जातात आणि घरचे काम पाळणाघर, पोळीभाजी केंद्र किंवा ब्युरोकडे जाते, तेव्हा वाढीचा काही भाग निव्वळ स्थलांतराचा असतो, पूर्वीही होत असलेले काम आता दिसू लागते, एवढेच.

प्रकाश

पण सरकारने आता बहिणींच्या खात्यात महिना 1,500 रुपये द्यायला सुरुवात केलीच आहे. घरकामाची दखल घेतली गेली म्हणायची ना? आणि नवऱ्याने बायकोला पगार द्यावा अशी मागणी असेल, तर त्याने घराचे दुकान होईल.

शुभदा

प्रकाशजी, पगाराची मागणी ही वेगळी चर्चा आहे. इथे विषय मोजणीचा आहे. ते 1,500 रुपये कोणत्याही कामाच्या बदल्यात दिलेले नसून हस्तांतरण आहेत, त्यामुळे ती रक्कम स्वतः उत्पादन म्हणून मोजली जात नाही. त्यातून किराणा घेतला की किराण्याची विक्री मोजली जाईल. त्या किराण्याचा स्वयंपाक पुन्हा बाहेरच.

नीलिमा

मी स्त्रीवादी चळवळीत अनेक वर्षे आहे, तरी पैशातल्या मोजणीबद्दल मला शंका आहे. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ गेला आणि पुरुषांचा 97 मिनिटे. सोयीसाठी पाच तास धरू. पगारी कामवाल्या बाईच्या दराने, समजा तासाला 40 रुपयांनी, महिन्याचे 6,000 रुपये होतात. त्याऐवजी ती बाहेर किती कमावू शकली असती हे धरले, तर तासाला 400 मिळवू शकणाऱ्या अधिकारी बाईचा तोच वरणभात 60,000 रुपयांचा होतो आणि मजूर बाईचा कवडीमोल ठरतो. पहिल्या पद्धतीत कामवाल्या बायकांना जातीमुळे आणि लिंगामुळे मिळणारा कमी दर आपण सगळ्याच बायकांवर शिक्क्यासारखा मारतो. न्यायालयांतही हेच झाले: मोटार अपघातात गृहिणी गेली, तर कायद्याच्या परिशिष्टात तिचे मोल कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश ठरवलेले होते, म्हणजे नवरा गरीब तर तिचे कामही स्वस्त. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे योग्य मोल होत नाही असे बजावले, हे चांगले झाले. मला मात्र रुपयांपेक्षा मिनिटे अधिक प्रामाणिक वाटतात. 299 आणि 97 यांच्यातला फरक कोणत्याही दराशिवाय समजतो.

वसंतराव

नीलिमाताईंशी मी बराचसा सहमत आहे. शुभदाताईंनी भाड्याचे आणि शेणाचे उदाहरण दिल्यावर किंमत नसल्याचा माझा आक्षेप मागे घेतो. मुख्य आकडा आहे तसा ठेवून घरकामाचा स्वतंत्र पूरक लेखा नियमितपणे काढावा, यावर माझी हरकत नाही.

शुभदा

पूरक लेखा मलाही हवा आहे, पण तो परिशिष्टात पडून राहतो हीच माझी तक्रार आहे. शासनाने रुग्णालयातील खाटा वाढवण्याऐवजी रुग्णाला दोन दिवस आधी घरी पाठवले, तर मुख्य हिशोबात बचत दिसते आणि ते दोन दिवस कोणीतरी रेखाताई भरून काढते. अर्थसंकल्प मांडताना तो बोजा त्याच पानावर दिसला पाहिजे.

वसंतराव

मग एक प्रश्न सोडवावा लागेल. आई भाजी चिरत असताना तिचे लक्ष रांगणाऱ्या मुलाकडे असते. सर्वेक्षणात त्या तासाची स्वयंपाक म्हणून नोंद केली तर सांभाळणे बुडते, दोन्ही धरली तर दिवस चोवीस तासांपेक्षा मोठा होतो.

रेखा

रात्री सासूबाई झोपलेल्या असताना मी जागी पडून त्यांचा श्वास ऐकत असे. तो वेळ कोणत्या रकान्यात लिहायचा, हेही कोणी सांगावे.