कुंद्याच्या दुकानाचे छायाचित्र आणि चिन्हातले मोजके आकार

प्रश्न (कुंदावाले, बेळगाव): आमचे कुंदा या मिठाईचे जुने दुकान आहे. समोरून काढलेल्या छायाचित्रात उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांब, फळ्यांची दारे आणि पायरीवर ठेवलेली पितळी कढई दिसते. खोक्यावरच्या छोट्या शिक्क्यापासून दुकानाच्या फलकापर्यंत चालेल असे एकरंगी सपाट चिन्ह आम्हाला हवे आहे. संगणकावर ट्रेस केले की काम होईल, असे मुलगा म्हणतो. काय ठेवावे आणि काय टाकावे?

फलकवाला: आजकाल फ्लेक्सवर छायाचित्र जसेच्या तसे उत्तम छापले जाते. आमच्याकडे दुकानदार मालकांचे, देवाचे आणि मालाचे फोटो एकत्र घेऊन येतात आणि फलक झगमगीत दिसतो. एवढे सुंदर दुकान असताना त्याचे चार आकार कशासाठी करायचे?

कुंदावाले: फलकाचे काम तसे होईलही, परंतु तेच छायाचित्र खाकी खोक्यावर रबरी शिक्क्याने कसे उमटणार? आमची खरी अडचण तिथेच आहे.

रेषाप्रेमी: मुलाचे म्हणणे चुकीचे नाही. इंकस्केप या चित्रे रेखाटण्याच्या संगणक प्रणालीत `Trace Bitmap` उघडावे, `Brightness cutoff` निवडावे आणि किती गडद भाग काळा धरायचा हे ठरवणारा उंबरठ्याचा आकडा 0.45 च्या आसपास खाली-वर करून पाहावा. काळे-पांढरे रूप मिळाल्यावर `Simplify` दिले की नको असलेले बिंदू कमी होतात. छायाचित्र मात्र ढगाळ दिवशी काढावे, म्हणजे कडक सावल्या पडत नाहीत. हाताने नव्याने रेखाटण्यात दुकानाचा खरेपणा हरवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहापूरची चित्रकार: ढगाळ उजेडाचा सल्ला योग्य आहे, पण त्यापुढच्या भागाशी मी सहमत नाही. ट्रेस करणाऱ्या आज्ञेला छप्पर, खांब किंवा कढई दिसत नाही. तिला फक्त उजेड आणि अंधार दिसतो. आपल्याकडच्या कौलारू दुकानात वळचणीखाली ढगाळ दिवशीही अंधार असतो, त्यामुळे वळचण, दार आणि खांबांचा वरचा भाग मिळून एकच काळा डाग तयार होतो. पितळी कढईचे उलट होते. ती चकाकते तिथे पांढरी भोके पडतात आणि तिची कडच तुटते. उंबरठा वाढवला तर डाग मोठा होतो, कमी केला तर कढई नाहीशी होते. `Simplify` वारंवार दिले तर कोपरे गोलावतात आणि खांब वाकडे होतात, कारण बिंदू कमी करताना कोणती रेष सरळच राहायला हवी हे त्या आज्ञेला कळत नाही.

दुसरी गोष्ट कोनाची आहे. गल्ली अरुंद असेल तर छायाचित्र जवळून आणि खालून वर असे निघते. खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेले दिसतात. सपाट चिन्हात समोरून घेतलेला सरळ नकाशा लागतो, म्हणून छायाचित्र गिरवायचे नाही, त्यातून प्रमाणे घ्यायची. दुकानाची रुंदी आणि खांबांची उंची दारात जाऊन टेपने मोजावी, म्हणजे कॅमेऱ्याची फसगत टळते.

आणि काय ठेवायचे हे छायाचित्र पाहून ठरवू नये. जुन्या गिऱ्हाइकांपैकी काही जणांना कागद द्या आणि छायाचित्र न दाखवता दुकान आठवून काढायला सांगा. बहुतेकांच्या हातून जे सर्वात आधी उतरेल, ते ठेवायचे. कॅमेरा वायरी, पाट्या आणि शेजारच्याचा मीटरही तितक्याच निष्ठेने टिपतो. माणसाची आठवण तसे करत नाही.

कुंदावाले: ताई, तुमचे वाचून काल दुकानात आलेल्या मंडळींना काढायला सांगितले. जवळजवळ प्रत्येकाने आधी उतरते छप्पर आणि मग कढई काढली. फळ्यांची दारे एकाच आजोबांनी काढली. कुंदा मात्र कुणीही काढला नाही!

शहापूरची चित्रकार: ते साहजिक आहे. दूध आणि खवा आटवून केलेल्या त्या रवाळ तपकिरी पदार्थाला स्वतःचा असा ठरलेला आकार नाही आणि एका रंगात त्याचा केवळ गोळा होईल. तेव्हा छप्पर आणि कढई घेऊन पुढे जाऊ.

24 घरे रुंद आणि 24 घरे उंच असा चौकोन आखा. वर छप्पर: माथ्याला 14 घरे, खाली पूर्ण 24 आणि उंची 7. खांब दोनच, प्रत्येकी 3 घरे रुंद आणि छपराच्या कडेपासून 2 घरे आत. ही आत घेतलेली जागाच वळचण पुढे आल्याचे सांगते. दोन खांबांमध्ये 14 घरांची पांढरी जागा उरते आणि तिच्यात खालच्या बाजूला कढई बसते. कौले, फळ्या आणि पायरी सोडून द्या.

शिक्का 12 मिलिमीटरचा असेल तर एक घर अर्ध्या मिलिमीटरचे होते. खाकी पुठ्ठ्यावर शाई पसरते, म्हणून एका घराची पांढरी फट भरून जाण्याचीच शक्यता जास्त. कोणतीही फट 2 घरांपेक्षा कमी ठेवू नये. कौलांच्या रेषा याच कारणाने जातात. त्या मला नावडतात असे नाही.

रेषाप्रेमी: मग हे कोणत्याही घराचे चिन्ह झाले. अर्धगोल कढई तर वाटीच दिसेल. फोनवर दिसणाऱ्या घराच्या खुणेत आणि यात फरक काय राहिला?

शहापूरची चित्रकार: वाटीबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. अर्धगोल 7 घरे रुंद घ्यावा आणि त्याच्यावर 10 घरे लांब, 2 घरे जाड अशी आडवी पट्टी ठेवावी. दोन्ही बाजूंना दीड-दीड घर बाहेर आलेली ती पट्टी कढईचे कान म्हणून वाचली जाते आणि खांबापर्यंत 2 घरांची फटही शिल्लक राहते. एकूण आकार पाच झाले. घराच्या खुणेचे छप्पर टोकदार असते, आपले माथ्याला सपाट आणि कडेला पसरलेले आहे, एवढ्यावर वेगळेपण पुरेल असे मला वाटते. मात्र ते दुकान न पाहिलेल्या माणसाला दाखवून तपासावे लागेल, आणि तेही 12 मिलिमीटरच्याच आकारात.

निपाणीकर: आमच्या साड्यांच्या दुकानाच्या चिन्हात नावाचे मराठी आद्याक्षर गुंफले होते. कर्नाटकात 2024 च्या सुधारित कायद्याने फलकावर 60 टक्के कन्नड मजकूर आवश्यक झाला, तेव्हा नवा फलक करताना कन्नड नावाशेजारी ते अक्षर जमेना आणि चिन्ह पुन्हा काढावे लागले. म्हणून अक्षर आत घालू नका. मराठी आणि कन्नड दोन्ही नावांशेजारी तेच चिन्ह उभे राहील असे करा. मी मात्र एक पाऊल पुढे जाऊन छप्परही काढून टाकेन. उद्या जुन्या इमारतीच्या जागी नवे बांधकाम झाले तर छपराचे चिन्ह खोटे पडेल. कढई कुठेही नेता येते.

शहापूरची चित्रकार: हे मला पटत नाही. केवळ कढई ठेवली तर भजीच्या गाड्यापासून खानावळीपर्यंत कुणाचेही चिन्ह होईल. गिऱ्हाइकांनी छप्पर आधी काढले, हे विसरून चालणार नाही.

कुंदावाले: छप्पर यंदा उतरवायचे की नाही, यावर भावांमध्ये बोलणे चालूच आहे. तोवर दोन्ही रूपांचे 12 मिलिमीटरचे शिक्के करून घेतो, खोक्यांवर उमटवतो आणि शाई कुठे भरते ते इथे कळवतो.