डील अडकलंय हे स्टेजमधले दिवस मोजून कळतं का?

सोमवारची_यादी: आमच्याकडे एका स्टेजमध्ये ३० दिवस झाले की डील लाल होतं आणि दर सोमवारी सीआरएममधून तशी यादी सगळ्यांना जाते. निम्मी पाइपलाइन त्यात असते, त्यामुळे कोणी वाचतच नाही. दिवस मोजणंच चुकीचं आहे की ३० हा आकडा?

आकडेमोड: आकडा. डेमो आणि करार या दोन स्टेजना एकच मर्यादा कशी चालेल? आधी जिंकलेल्या डील्सना प्रत्येक स्टेजमध्ये किती दिवस लागले ते काढा आणि मध्यक घ्या. सरासरी नको, कारण एखादं वर्षभर रेंगाळलेलं डील ती बिघडवतं. मध्यकाच्या दुप्पट दिवस झाले की लाल. एवढं पुरे आहे.

जुना_पाइपलाइनवाला: स्टेजनुसार मर्यादा हवी, मान्य. पुरे आहे, हे मात्र अमान्य.

समजा प्रपोजल स्टेजचा मध्यक १८ दिवस आहे. पहिलं डील तिथे ४१ दिवस पडून आहे, पण परवाच त्यांच्या कायदा विभागाने दोन कलमांवर हरकत पाठवली. तुमच्या नियमाने ते लाल. प्रत्यक्षात ते चालू आहे, कारण ज्याला घ्यायचंच नाही तो कलमं वाचत बसत नाही. दुसरं डील त्याच स्टेजमध्ये फक्त ९ दिवस आहे, म्हणून हिरवं. इतिहास उघडला तर दिसतं की ते आधी प्रपोजलमध्येच होतं, मग डेमोत मागे नेलं आणि परत पुढे आणलं. मागेपुढे केलं की घड्याळ शून्यावर येतं. क्लोज डेट तीनदा पुढे ढकललेली आणि क्लायंटचं शेवटचं उत्तर २६ दिवसांपूर्वीचं. मेलेलं डील हे आहे.

म्हणून मी दोनच गोष्टी बघतो: क्लायंटकडून शेवटची हालचाल कधी झाली आणि क्लोज डेट किती वेळा सरकली. सेल्सफोर्स वापरत असाल तर `LastModifiedDate` वर विसंबू नका. कोणी रकान्यात नुसतं स्पेलिंग दुरुस्त केलं तरी ती तारीख बदलते. `OpportunityHistory` मध्ये स्टेज आणि क्लोज डेटचे जुने बदल सापडतात.

फिरतीवरचा: मी सेल्समध्ये आहे, माझी बाजूही ऐका. क्लायंट माझ्याशी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर बोलतो, त्यातलं काही सीआरएममध्ये येत नाही. तुमच्या हिशेबाने माझं सगळ्यात जिवंत डील २६ दिवस गप्प दिसेल. आणि तारखा सरकवल्याची मोजदाद सुरू झाली की लोक पहिल्याच दिवशी तारीख सहा महिने पुढची टाकतील. मग कोणी सरकवणारच नाही!

लांबपल्ला: आम्ही मोठ्या संस्थांना विकतो, बजेट मंजुरी वर्षातून एकदाच. डील सात-आठ महिने तिथेच असतं. क्लायंटला आठवण करून देण्यासाठी चांगलं ऑटोमॅटिक ईमेलचं टूल कोणी सुचवेल का?

जुना_पाइपलाइनवाला: लांबपल्ला, प्रश्न आठवण करून देण्याचा नाही, आणि ते टूल लावलंत तर वेगळंच दुखणं सुरू होईल. आपण पाठवलेला प्रत्येक मेल ॲक्टिव्हिटी म्हणून नोंदला जातो आणि मृत डील ताजं दिसू लागतं. फक्त आलेली उत्तरं मोजा, आपण पाठवलेलं नाही. बजेटसाठी थांबलेल्या डीलला मात्र वेगळी स्टेज द्या आणि मंजुरीची तारीख लिहा. ती उलटेपर्यंत ते यादीत यायला नको.

फिरतीवरचा, फोनचं खरं आहे. म्हणून यादी थेट सगळ्यांना न पाठवता शुक्रवारी आधी डीलच्या मालकाकडे जावी. त्याने एक ओळ लिहायची: पुढचं पाऊल कोणाचं आणि कोणत्या तारखेला. "फॉलो-अप चालू" हे उत्तर धरायचं नाही. सोमवारी वरच्यांना जाणाऱ्या सारांशात फार तर पाच डील्स, रकमेने मोठी आधी, आणि प्रत्येकाखाली गेल्या आठवड्यापासून काय बदललं तेवढंच. वरच्या दुसऱ्या डीलचं असं होईल: "क्लोज डेट तिसऱ्यांदा सरकली, २६ दिवस उत्तर नाही, पुढचं पाऊल आपलं, खरेदी प्रमुखांना बुधवारी फोन." दर शुक्रवारी पाइपलाइनची प्रत साठवत गेलात तरच हा फरक काढता येतो.

आकडेमोड: पाचच का? सहावं डील बुडालं तर जबाबदार कोण? आणि मालकानेच ओळ लिहायची तर ती गोडच असणार. दिवस निदान खोटं बोलत नाहीत.

फिरतीवरचा: ओळ गोड असेल तर पुढच्या शुक्रवारी तीच ओळ परत दिसेल, तेव्हा विचारा की. पण ती यादी टार्गेटच्या मीटिंगमध्ये पडद्यावर लावणार असाल, तर मी एकही खरं वाक्य लिहिणार नाही.

सोमवारची_यादी: पडद्यावरच लावतो सध्या. साहेबांना तेच आवडतं. शुक्रवारची प्रत साठवणं या आठवड्यापासून सुरू करतो, पडद्याचं त्यांच्याशी बोलावं लागेल.