दोन मिनिटं बसा म्हणणाऱ्यांना एक उत्तर

वडगावकर (मूळ पोस्ट): कामं लांबणीवर टाकणं हा निव्वळ आळस. सकाळी सगळ्यात अवघड काम आधी घ्यायचं, फक्त दोन मिनिटं बसायचं, पुढचं आपोआप होतं. ज्याला जमत नाही त्याला करायचंच नसतं.

शहापूरकर: शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना. मी जीएसटीची कामं करतो, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचे हिशेब माझ्याकडे आहेत. 14 तारखेला 2बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी, आणि 20 ला कर भरायचं 3बी रिटर्न भरायचं असतं. मधल्या दिवसांत सगळ्यात अवघड काम म्हणजे 2बी आणि परचेस रजिस्टर जुळवणं.

डायरीत ‘फौंड्रीचं रिटर्न’ असं लिहून सकाळी बसलं की दोन मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघण्यात जातात, कारण त्या ओळीत हात कुठं घालायचा तेच लिहिलेलं नसतं. म्हणून मी आदल्या संध्याकाळी 2बीची एक्सेल उतरवून ठेवतो, शेजारी रजिस्टर उघडतो, दोन्ही याद्या पुरवठादाराच्या जीएसटी नंबराप्रमाणे लावतो आणि चिठ्ठीवर लिहितो, ‘पहिल्या पुरवठादाराची बिलं.’ सकाळी तेवढंच बघायचं. त्याचं एखादं बिल 2बीत दिसलं नाही की दुसऱ्याचं बघावंसं वाटतं, आणि काम चालू होतं.

आणि टाळतो ते आळसानं नव्हे वो. बिल दिसत नाही म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकलं, आता मालकाला फोन करून सांगायला पाहिजे. त्या फोनची धास्ती असते. तुम्ही लोकांना आळशी ठरवून मोकळे झालात.

निपाणीकर: एवढं कशाला? दोन मिनिटांत होणारं काम दिसलं की लगेच उरकायचं, हाच तर नियम आहे. मी सकाळी आधी सगळे मेसेज, मेल संपवतो, टेबल मोकळं होतं.

चिकोडीचा मास्तर: हा निराळा नियम झाला. तुम्ही म्हणता तो बारीकसारीक कामांचा, वडगावकर म्हणतात तो मोठ्या कामाला सुरुवात करायचा. सकाळी तुमचा नियम लावला तर एका मेसेजला उत्तर दिलं की दुसरा येतो, अकरा वाजतात आणि अवघड काम तिथंच राहतं. त्याला दुपारची वेळ द्या.

निपाणीकर: बरं, अकरा वाजतात ते खरं आहे. पण टेबल मोकळं असल्याशिवाय मला सुचत नाही.

खानापूरची लेक: माझं अवघड काम म्हणजे जमिनीची एक कन्नड नोटीस. मी मराठी शाळेत शिकले. कागद टेबलावर पडून आहे. दोन मिनिटं बसून काय करू? वाक्यच लागत नाही. हा पण आळस का?

वडगावकर: इथं जन्मलो, इथंच राहतो, तर कन्नड शिकायचं की. नोटीस वाचता येत नाही हे कारण झालं का?

शहापूरकर: शिकायचं ते शिकतोच आम्ही, बाजारात बोलतोच. पण 15-20 टक्के तरी भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1956 पासून ठरलेलं आहे. तो कागद मराठीत आला असता तर त्याच दिवशी उत्तर गेलं असतं. दोष कागद पाठवणाऱ्याचा, आणि आळशी ही?

वडगावकर: प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणायलाच पाहिजे का?

खानापूरची लेक: मी आणला नाही. माझ्या टेबलावर तो आहेच.

चिकोडीचा मास्तर: दोघंही जरा थांबा. ताई, तुमचं काम सुरुवातीपाशी अडलेलं नाही, वाचणाऱ्या माणसापाशी अडलंय. अशा वेळी दोन मिनिटं वाचायला बसू नका. नोटिशीचा फोटो काढून नीट कन्नड वाचणाऱ्या ओळखीच्याला पाठवा आणि किती वाजता फोन करू ते विचारून घ्या. नोटिशीवर मुदत असेल तर ती तारीख आधी शोधून काढायला सांगा. मुदत जवळ असेल तर हेच काम सगळ्यांच्या आधी, अवघड असो वा सोपं. शहापूरकरांनाही 11 तारखेला विक्रीच्या बिलांचं रिटर्न, जीएसटीआर-1, सोपं असलं तरी आधी भरावंच लागतं.

वडगावकरांचं एक मात्र खरं आहे. हातात घेऊन अर्धवट राहिलेल्या कामाकडे माणूस आपणहून परत वळतो, हे मारिया ओव्सियांकिना यांनी 1928 मध्येच प्रयोगांतून मांडलं होतं. पण त्यासाठी कामाला खरोखर हात लागलेला असावा लागतो. फाईल उघडून बसणं म्हणजे हात लागणं नव्हे, पहिलं बिल जुळवणं म्हणजे हात लागणं.

वडगावकर: आदल्या संध्याकाळची चिठ्ठी मान्य. ‘करायचंच नसतं’ हे वाक्य काढतो. पण कन्नड शिकायला पाहिजे हे माझं मत कायम आहे.

खानापूरची लेक: फोटो पाठवला, चार वाजता बोलायचं ठरलंय. आणि पुढच्या वेळी उत्तर देताना मराठी प्रत मागणारा अर्जही सोबत जोडणार. त्याचा मसुदा कुणाकडे आहे का?