अनुभव धागा: हप्ता रोख दिला, पॉलिसी निघालीच नाही

सांजवारा
एजंटाने रोख हप्ते घेतले आणि पॉलिसी काढलीच नाही, असे ज्यांच्या बाबतीत घडले, त्यांनी ते नेमके कसे उघडकीस आले हे येथे लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते. ओळखीतल्या एजंटाने आमच्या आरोग्य विम्याचे दोन वार्षिक हप्ते रोख नेले आणि दोन्ही वेळा कंपनीचे नाव छापलेली पावती दिली. पावतीवर ‘तात्पुरती’ हा शब्द बारीक अक्षरांत होता आणि पॉलिसी क्रमांक पेनाने लिहिलेला होता. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयाने तो क्रमांक कंपनीकडे पाठवला, तेव्हा त्यावर भलत्याच माणसाच्या गाडीची पॉलिसी निघाली. गंमत म्हणजे पावतीवरच्या नंबरवर फोन करून मी आधी खात्री केली होती. तो फोन एजंटाचा भाऊच उचलत होता.

जुना कारकून
मी विमा कंपनीच्या कार्यालयात बरीच वर्षे काढली आहेत. ‘हा क्रमांक खरा आहे का?’ एवढेच विचारले, तर तुमच्यासारख्या प्रकरणातही ‘हो’ असेच उत्तर येऊ शकते. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून नंबर स्वतः शोधून फोन करावा आणि आपली ओळख पटवून दिल्यावर विमाधारकाचे नाव, विमा रक्कम, मुदत आणि शेवटचा हप्ता कधी जमा झाला हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. काही वेळा एजंट अर्ज खरोखर दाखल करतो, पण पैसे भरत नाही; अशा वेळी ग्राहकाच्या हाती असतो तो केवळ प्रस्ताव क्रमांक. नोंदीत मोबाइल कोणाचा आहे हेही विचारावे, कारण तो एजंटाचा असला तर हप्ता थकल्याची सूचना त्यालाच जाते.

पाणवठा
पावती हातात असल्यावर कंपनीला दावा द्यावाच लागतो, मग एवढी काळजी कशाला?

जुना कारकून
‘द्यावाच लागतो’ असे सरसकट म्हणता येत नाही. पावती खऱ्या पुस्तकातली आहे का आणि त्या दिवशी तो माणूस कंपनीचा एजंट होता का, यावर बरेच अवलंबून असते. तरीही पावती जपून ठेवावी, कारण रोख व्यवहारात तेवढाच पुरावा उरतो.

उंबरठा
माझा दावा जुना आजार लपवल्याचे सांगून नाकारला गेला. हीसुद्धा फसवणूकच नव्हे का?

सांजवारा
आपला त्रास समजतो, पण आपली पॉलिसी निदान अस्तित्वात तरी होती. त्यासाठी वेगळा धागा काढावा. जुना कारकून, आपण विचारलेत तेच आमच्या तक्रारीत अडले आहे. पावत्या कंपनीच्याच पुस्तकातल्या निघाल्या, मात्र त्याची एजन्सी दोन हप्त्यांच्या मधल्या काळात रद्द झाली होती. पहिल्या हप्त्याबद्दल कंपनी बोलायला तयार आहे, दुसऱ्याबद्दल अजून काहीच कळवलेले नाही.