मदत हवी आहे: एल्डन रिंगमध्ये फ्रेम जनरेशन लावलं की माणसाभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं

रात्रपाळी_बाणेर

नमस्कार मंडळी. दोन आठवडे डोकं खाजवतोय, म्हणून इथे विचारतो.

एल्डन रिंग सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जात नाही हे माहीत असेलच. कुलूप काढायचा मोड आहे, पण त्यासाठी ईएसी, म्हणजे गेमची चीटिंग पकडणारी यंत्रणा, बंद करून ऑफलाइन खेळावं लागतं, आणि मला मित्रांबरोबर खेळायचंय. गेममध्ये स्वतःचं फ्रेम जनरेशन नाही. म्हणून स्टीमवरून लॉसलेस स्केलिंग घेतलं. गेम बॉर्डरलेसवर, X2 मोड, `Flow Scale` १००. स्केलिंग बंद आहे, फक्त फ्रेम जनरेशन चालू. कार्ड आरटीएक्स ३०६०, मॉनिटर १४४० आणि १४४ हर्ट्झ, जी-सिंक नाही.

सरळ चालताना लोण्यासारखं वाटतं. कॅमेरा गोल फिरवला की आपल्या माणसाच्या खांद्याभोवती आणि केपेभोवती उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना, तसं होतं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली रक्ताची पट्टी पण जेलीसारखी हलते. घोडा दौडवत गवतातून गेलो तर गवताचा नुसता लगदा.

स्टीमचा स्क्रीनशॉट काढला तर त्यात काहीच दिसत नाही, एकदम स्वच्छ. धाकट्या भावाला वाटलं मी उगाच कुरकुरतोय. कार्ड खराब झालंय का? की माझीच सेटिंग चुकतेय?

चिंचवडचा_राजा

भाऊ, ३० सीरिजमध्ये फ्रेम जनरेशनचं हार्डवेअरच नाही. ४० पासून पुढे आहे. तू जबरदस्तीने चालवतोयस म्हणून असं दिसतंय. कार्ड बदल. तोवर `Flow Scale` २५ वर आण, लोड हलका होईल.

अप्पा_कोथरूड

मी या नावाचं काही वापरत नाही, पण कडांभोवती थरथर म्हणजे शार्पनिंग जास्त झालंय. टीव्हीवरही तसंच होतं. स्केलिंगचा प्रकार बदला आणि शार्पनेस शून्य करा.

रात्रपाळी_बाणेर

अप्पा, स्केलिंग बंदच आहे, वर लिहिलंय. तरी धन्यवाद.

राजा, २५ करून पाहिलं. लोड कमी झाला हे खरं, पण खांद्याभोवतीचा तो पट्टा दुप्पट जाड झाला.

कर्वेरोडवाली

कार्ड खराब नाही. राजा म्हणतो ते एनव्हिडियाच्या स्वतःच्या फ्रेम जनरेशनबद्दल बरोबर आहे, पण हे टूल तसलं काही मागत नाही. ते साध्या शेडरवर कुठल्याही कार्डावर चालतं. तेवढ्याच खऱ्या फ्रेम मिळाल्या तर महागड्या कार्डावरही खांद्याभोवती असंच थरथरेल.

स्क्रीनशॉट स्वच्छ येतो कारण स्टीम गेमचं चित्र पकडतो. थरथर त्यानंतर होते, गेमच्या खिडकीवर टूल जे वेगळं चित्र दाखवतं त्यात. बघायचं असेल तर मोबाइल स्टँडवर लावून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये स्क्रीनचा व्हिडिओ घ्या आणि एकेक चौकट पुढे सरकवा.

आणि दोन गोष्टी सांगा. टूलमधलं `Draw FPS` चालू करून गोल फिरताना काय आकडा येतो? आणि टूल बंद असताना कार्ड किती टक्के वापरलं जातं?

रात्रपाळी_बाणेर

भावाला मोबाइल धरायला लावला. ताई, तुम्ही म्हणता तसंच निघालं! एक चित्र स्वच्छ, पुढचं खांद्याभोवती वितळलेलं, परत स्वच्छ, परत वितळलेलं. भाऊ आता गप्प आहे.

आकडा ४६/९२. टूल बंद असताना ६० आणि कार्ड ९६-९७ टक्के.

कर्वेरोडवाली

मग अर्धं दुखणं सापडलं. तुम्हाला वाटतंय ६०चे १२० होतायत, प्रत्यक्षात ४६चे ९२ होतायत. कार्ड आधीच ९७ टक्क्यांवर होतं, मधली फ्रेम बनवायचं काम त्याच कार्डावर आलं, म्हणून गेमच्या वाट्याला उरलं त्यात ४६ फ्रेमच निघाल्या.

याचा थरथरीशी काय संबंध? मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. स्लो मोशनसाठी सॉफ्टवेअर दोन फ्रेमच्या मधली फ्रेम बनवतं तेव्हा हाच प्रकार होतो. अक्षता पडतायत तो शॉट घ्या. एका फ्रेममध्ये दाणा इथे, पुढच्या फ्रेममध्ये वीतभर खाली. हा दाणा म्हणजे तोच दाणा की शेजारचा, हे सॉफ्टवेअर चित्राकडे बघून ताडतं. दाणा थोडाच सरकला असेल तर अंदाज बरोबर येतो, जास्त सरकला की अक्षतांचं पीठ होतं. तुमच्या गवताचं तेच झालंय.

आता तुमचा हिशोब. गोल फिरताना सेकंदाला दोन स्क्रीनभर दृश्य सरकतं असं धरा, म्हणजे ५१२० पिक्सेल. ६० फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये साधारण ८५ पिक्सेलचं अंतर, ४६ असतील तर १११. खांद्याभोवतीचा पट्टा याच अंतरातून येतो. आपला माणूस स्क्रीनच्या मधोमध जागेवर, मागचा डोंगर सरकतोय. खांद्याच्या एका बाजूने डोंगराची नवी पट्टी उघडी पडते, दुसऱ्या बाजूने झाकली जाते. ती पट्टी दोनपैकी एकाच फ्रेममध्ये असते, दुसरीत तिच्या जागी खांदा. टूलला खांदा पुढे आणि डोंगर मागे हे कळत नाही, त्याच्यासाठी सगळा एकच सपाट फोटो. मग ते दोन्ही मिसळून टाकतं.

गेममध्येच फ्रेम जनरेशन असतं तेव्हा गेम स्वतः सांगतो, हा पिक्सेल इकडून तिकडे गेला, हा जवळ, तो लांब. रक्ताच्या पट्टीसारख्या गोष्टी वेगळ्या ठेवायचीही सोय असते. बाहेरच्या टूलला यातलं काही मिळत नाही. पट्टी हलते ती म्हणून: मागचं गवत सरकलं की तिलाही थोडं ओढून नेलं जातं.

तर आधी ४६चं ६० करा. सावल्या आणि गवत एकेक पायरी खाली आणा, टूल बंद असताना कार्ड ७०-७५ टक्क्यांवर आलं पाहिजे. `Flow Scale` ७५ ठेवा. १४४० ला तेवढं पुरतं, टूलचाही सल्ला तोच आहे. २५ वर ते इतकं बारीक केलेलं चित्र बघतं की खांद्याची कडा त्याला सापडतच नाही.

आणि विंडोजमध्ये मॉनिटर १२० हर्ट्झवर करा. १४४ वर १२० फ्रेम सारख्या वाटल्या जात नाहीत, दर पाच फ्रेममागे एक दोनदा दाखवावी लागते. तुम्हाला जी-सिंक नाही, त्यामुळे तो झटका जाणवणारच.

चिंचवडचा_राजा

ओके, शेडरचं माहीत नव्हतं. पण मग `Adaptive` मोड लावून टार्गेट १४४ करायचं ना? मॉनिटर पूर्ण वापरला जाईल.

कर्वेरोडवाली

करता येतं, मला आवडत नाही. X2 मध्ये निम्म्या फ्रेम खऱ्या असतात, म्हणून वितळलेलं चित्र एकाआड एक येतं आणि डोळा थोडं माफ करतो. ६० वरून १४४ गाठायला बहुतेक चित्रं बनवलेलीच असतात, वर कार्डावर भारही जास्त. ज्यांचा गेम ५० आणि ७० मध्ये हेलकावे खातो त्यांच्यासाठी तो मोड आहे.

जुनं_ते_सोनं

धागा हायजॅक करत नाही, पण माझं सांगतो. माझ्याकडे जुनं १०५० टीआय पडून होतं, ते खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. गेम मोठ्या कार्डावर, मधल्या फ्रेम लहान कार्डावर. टूलमध्ये कार्ड निवडता येतं. मॉनिटरची केबल मात्र लहान कार्डाला लावायची. मी तीन दिवस मोठ्यालाच लावून बसलो होतो आणि फायदा का नाही म्हणून टूलला शिव्या घालत होतो.

आता खऱ्या फ्रेम पडत नाहीत. पण ताई म्हणतात ते खरं, खांद्याभोवतीची थरथर गेली नाही, कमी झाली इतकंच. जाळीचं कुंपण आलं की अजून भूत दिसतं. खोली मात्र एप्रिलमध्ये भट्टी झाली होती, तेवढं लक्षात ठेवा.

अप्पा_कोथरूड

एकंदर एवढ्या खटपटीपेक्षा ६० वरच खेळलं तर काय बिघडतं?

रात्रपाळी_बाणेर

अप्पा, प्रश्न बरोबर आहे, पण आता मागे फिरणं अवघड :)

सगळं केलं. काल गुरुवार, दुपारी लाइट नव्हती, म्हणून रात्री बसलो. सावल्या हायवरून मीडियम, गवत मीडियम, टूल बंद असताना कार्ड ७२ टक्के. टूल लावल्यावर आकडा ६०/१२०, बॉसच्या मारामारीतही ५८च्या खाली गेला नाही. मॉनिटर १२० वर.

भावाने परत व्हिडिओ घेतला. खांद्याभोवतीचा पट्टा आहे, पण आता फक्त जोरात फिरवल्यावर, आणि तोही शोधावा लागतो. गवत ओळखू येतं. रक्ताची पट्टी अजून किंचित हलते, विशेषतः मागे उजळ आकाश असेल तेव्हा.

एक मात्र राहिलंय. ढालीने वार परतवताना माझा हात उशिरा पडतोय असं वाटतं. टूल बंद केलं की दहापैकी सहा-सात जमतात, चालू असताना चारच. हा भास आहे का?

कर्वेरोडवाली

भास नाही. मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, तोवर तुम्हाला मागचं दाखवत राहतात. ६० वर एक फ्रेम म्हणजे साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास, तेवढा नाही तरी त्यातला बराचसा उशीर आणि वर बनवायचा वेळ. हा उशीर सेटिंग बदलून शून्य होत नाही. पण चार आणि सहा एवढा फरक निव्वळ त्यानेच पडेल असं मला वाटत नाही, दहा वार फार कमी झाले. दोन्हीकडे पन्नास-पन्नास मोजा. `Sync Mode` कशावर आहे?

रात्रपाळी_बाणेर

`Default` वर. बंद करून बघतो. पन्नास वार मोजायला भाऊ तयार नाही, त्याची परीक्षा आहे म्हणे.

जुनं_ते_सोनं

बंद केल्यावर चित्र मधून फाटलं तर सांगा. माझ्याकडे फाटतं, पण ते माझ्या मॉनिटरमुळे की जुन्या कार्डामुळे, ते अजून कळलेलं नाही.